विषय: लातूर एमआयडीसी गोदाम कार्यालयाच्या कॅमेऱ्यांसाठी एक सार्वजनिक स्थिर आयपी पत्ता मिळणेबाबत – ग्राहक क्रमांक LTR-20417

प्रति,
शाखा व्यवस्थापक, व्यावसायिक जोडणी विभाग, लातूर
प्रत: तांत्रिक विभाग
दि. २ सप्टेंबर २०२५

महोदय,

लातूर एमआयडीसीतल्या आमच्या धान्य गोदामाच्या कार्यालयात आपली १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. PPPoE वापरकर्ता `ltr20417`. या जोडणीवर आम्हाला एक सार्वजनिक, स्थिर आयपीव्ही४ पत्ता हवा आहे. वेग वाढवायचा नाही, प्लॅनही बदलायचा नाही. पत्ता २१ सप्टेंबरच्या रविवारपर्यंत चालू व्हावा, कारण ऑक्टोबरात नवं सोयाबीन यायला लागलं की काटा सकाळपासून रात्रीपर्यंत थांबत नाही आणि तेव्हा नेटवर्कला हात लावणं आम्हाला परवडत नाही.

गरज नेमकी अशी आहे. गोदाम, काटा आणि कार्यालय मिळून १६ कॅमेरे आहेत, पण माल घेण्याचा निर्णय आणि पैशांचा हिशेब उदगीरच्या कार्यालयात होतो. ट्रॉली काट्यावर चढली की एक कॅमेरा गाडीची नंबरप्लेट दाखवतो, दुसरा इंडिकेटरवरचा आकडा. भरलेलं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन हे दोन्ही क्षण उदगीरहून डोळ्यांनी पाहूनच पट्टी तयार करायची, अशी आमची पद्धत ठरली आहे. वजनावरून वाद झाला तर शेतकरी काट्यावर उभा असतानाच रेकॉर्डिंग काढून दाखवता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी दाखवलेल्या चित्राला तेवढी किंमत राहत नाही. शिवाय गोदामातल्या काही मालावर बँकेचं तारण कर्ज आहे. थप्प्या जागेवर आहेत का, हे बँकेच्या प्रतिनिधीला ठरलेल्या वेळी पाहू द्यावं लागतं. रात्री पहारेकरी एकच असतो, त्यामुळे बारदान्याच्या शेडकडचे चार कॅमेरे उदगीरहूनही पाहिले जातात.

आता अडचण. आपल्याकडून राउटरला जो पत्ता मिळतो तो `100.72.18.41` आहे. हा `100.64.0.0/10` या गटातला, म्हणजे सीजीनॅटसाठी राखून ठेवलेला पत्ता. बाहेरच्या संकेतस्थळावर आमचा पत्ता तपासला तर तिथे वेगळाच दिसतो. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. कार्यालयातल्या संगणकावरून घेतलेला मार्ग असा:

```
tracert -d 8.8.8.8
  1    <1 ms    <1 ms    <1 ms  192.168.10.1
  2     3 ms     3 ms     4 ms  100.72.0.1
  3     4 ms     4 ms     4 ms  100.127.4.9
```

आमच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर केलेलं आहे. पण बाहेरून येणारं पॅकेट आधी आपल्या नॅटच्या यंत्रावर पोचतं. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असल्याने ते कोणाकडे द्यायचं याची नोंद तिथे नसते आणि ते तिथेच टाकून दिलं जातं. त्यामुळे आमच्या बाजूने कितीही नियम लिहिले तरी उपयोग नाही. आपल्या मदत कक्षाने सुचवलेला डीडीएनएसचा उपायही इथे लागू पडत नाही. डीडीएनएस फक्त नावाला पत्ता जोडतो, आणि तो पत्ता सगळ्यांच्या सामाईक नॅटचा असेल तर नाव बरोबर उघडूनही दार बंदच राहतं.

कॅमेरा कंपनीचं क्यूआर कोडवालं मोबाइल ॲप चालतं की, असं कोणी म्हणेल. चालतं, पण ते दोन्ही टोकांना थेट जोडता आलं नाही की चित्र कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून फिरवतं. चित्र उशिरा येतं, गर्दीच्या वेळी अडकतं, आणि उदगीरच्या संगणकावरचं कॅमेरा सॉफ्टवेअर एनव्हीआरला पत्ता आणि पोर्टनेच जोडतं, ॲपच्या खात्याने नाही. मालाची आणि बँकेच्या तारणाची चित्रं तिसऱ्याच्या सर्व्हरवरून जावीत हेही आम्हाला नको आहे.

क्लाउडवर रेकॉर्डिंग का नाही, याचा हिशेब साधा आहे. ४ मेगापिक्सेलचे १२ कॅमेरे एच.२६५ वर प्रत्येकी २ एमबीपीएस आणि २ मेगापिक्सेलचे ४ कॅमेरे प्रत्येकी १ एमबीपीएस, म्हणजे सतत २८ एमबीपीएस. दिवसाला सुमारे ३०२ जीबी, महिन्याला ९ टीबी. एवढा अपलोड घरगुती काय, आपल्या व्यावसायिक प्लॅनच्या वापरमर्यादेतही बसणार नाही. म्हणून रेकॉर्डिंग गोदामातल्या एनव्हीआरवरच राहतं: ६ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, साधारण ३९ दिवस. बाहेरून फक्त पाहायचं असतं. त्यासाठी सबस्ट्रीम ५१२ केबीपीएस ठेवली आहे, म्हणजे १६ कॅमेरे एकदम उघडले तर ८ एमबीपीएस, त्यात एखादा कॅमेरा मोठा करून पाहिला तर आणखी २. दोघांनी एकाच वेळी पाहिलं तरी २० एमबीपीएस. आमच्याकडे अपलोड ४५ च्या आसपास मिळतो, तो पुरेसा आहे.

सुरक्षेबद्दल आपल्या मनात शंका असेल तर आधीच सांगतो: एनव्हीआर आम्ही इंटरनेटवर उघडा ठेवणार नाही. 80, 554, 8000 यांपैकी एकही पोर्ट बाहेर दिसणार नाही. उघडा एनव्हीआर पासवर्ड शोधणाऱ्या स्कॅनरच्या हाती लागायला वेळ लागत नाही, आणि मग तो आपल्याच नेटवर्कवरून दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरला जातो. आमच्या राउटरवर फक्त वायरगार्ड व्हीपीएन असेल, UDP 51820 वर. उदगीरचा राउटर आणि तीन नोंदवलेले मोबाइल एवढ्यांनाच त्याच्या चाव्या आहेत. बँकेचा प्रतिनिधी उदगीरच्या संगणकावर बसूनच पाहील.

यासाठी आपल्याकडून पुढील गोष्टी व्हाव्यात.

पत्ता PPPoE खात्यालाच रेडियसमधून बांधून द्यावा, म्हणजे दर वेळी जोडणी लागताना तोच एक `/32` पत्ता मिळेल. वेगळ्या व्हीलॅनवर `/30` देण्याची आपली पद्धत असेल तर तीही चालेल. मग पत्ता, मास्क, गेटवे आणि व्हीलॅन क्रमांक लेखी कळवावा. आयपीव्ही६ देत असाल तर जरूर द्या, पण आयपीव्ही४ च्या बदल्यात नको, कारण उदगीरच्या जोडणीवर सध्या आयपीव्ही६ नाही.

ओएनयू ब्रिज मोडमध्ये असावा. तोही राउटिंग करू लागला आणि आमचा राउटर त्याच्या मागे बसला, तर स्थिर पत्ता मिळूनही नॅट दोनदा होईल. PPPoE आमच्या राउटरवरून लागेल. त्या राउटरचा मॅक पत्ता सोबतच्या अर्जात आहे. खात्याला जुना मॅक बांधलेला असेल तर तो त्याच वेळी मोकळा करावा. हे राहून गेलं की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं आणि तंत्रज्ञ तासभर केबलच तपासत बसतो.

येणाऱ्या बाजूला UDP 51820 अडवलेला नसावा. जोडणी जिवंत आहे का हे उदगीरहून पाहता यावं म्हणून पिंगही चालू असावा. काही मोबाइल नेटवर्क यूडीपी धड चालू देत नाहीत. तशी वेळ आली तर TCP 443 वर दुसरं व्हीपीएन लावायची तयारी आहे, म्हणून तेही पोर्ट मोकळं राहू द्यावं. पोर्ट 25 खुशाल बंद ठेवा, इथून मेल सर्व्हर चालवायचा नाही.

पत्ता बांधल्यावर जुनं सत्र आपल्या बाजूने तोडावं. ते चालू राहिलं तर राउटरवर `100.72` चाच पत्ता दिसत राहतो आणि काम झालं नाही असं वाटतं. दुसरी जास्त त्रासाची गोष्ट: देखभालीच्या वेळी ग्राहक एका बीआरएएसवरून दुसऱ्यावर हलवले जातात. आमच्या पत्त्याचा रूट त्यासोबत हलला नाही, तर राउटरवर पत्ता बरोबर दिसेल आणि बाहेरून मात्र काहीच येणार नाही. त्यामुळे खात्यावर ‘स्थिर आयपी’ अशी स्पष्ट खूण ठेवावी.

चाचणी आपल्या तंत्रज्ञासमोर अशी करू. आधी राउटरवरचा वॅन पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता एकच आहे का ते पाहायचं. मग एका मोबाइलचं वायफाय बंद करून, सिमच्या डेटावरून व्हीपीएन लावायचं. कार्यालयाच्याच वायफायवरून केलेली चाचणी फसवी असते. त्याच वेळी राउटरवर हे चालू ठेवायचं:

```
tcpdump -ni pppoe-wan udp port 51820
```

पॅकेट दिसली तर आपलं काम पूर्ण, पुढचं आमचं. दिसली नाहीत तर अडथळा आमच्या राउटरच्या बाहेर आहे. ऑनलाइन पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळाचा निकाल कृपया प्रमाण धरू नये: चावी ओळखल्याशिवाय वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चालू असूनही ते बंदच दाखवतं. व्हीपीएनचा एमटीयू १४१२ ठेवला आहे, कारण PPPoE वर १४९२ च मिळतो. तो न जुळल्यास लॉगिन होतं आणि चित्राच्या जागी काळा चौकोन राहतो. तसं दिसलं तर ते आम्ही आमच्याकडे पाहू, आपल्याकडे तक्रार येणार नाही.

रविवारी काटा बंद असतो, म्हणून सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ सोयीची. तेव्हा अर्धा-एक तास जोडणी बंद राहिली तरी हरकत नाही. रेकॉर्डिंग एनव्हीआरवर चालूच राहील. ओएनयू, राउटर आणि एनव्हीआर एकाच यूपीएसवर आहेत, त्यामुळे लाइट गेली तरी काम थांबवायचं कारण नाही.

दरपत्रकात स्थिर पत्त्याचं वार्षिक शुल्क, एकदाचं जोडणी शुल्क आणि १८ टक्के जीएसटी वेगवेगळे दाखवावेत. बिलावर आमचा जीएसटी क्रमांक यावा, नाहीतर इनपुट क्रेडिट मिळत नाही. बिल भरायला उशीर झाला तर सेवा थांबवा, पण तोच पत्ता किमान १५ दिवस दुसऱ्या कोणाला देऊ नये. तो बदलला तर उदगीरचा राउटर आणि तिन्ही मोबाइल पुन्हा जुळवावे लागतात. पत्ता आपल्याकडून बदलणारच असेल तर सात दिवस आधी ईमेलने कळवावं.

सोबत जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जागेचं वीजबिल, अधिकारपत्र, पत्ता कशासाठी वापरणार याचं सहीचं निवेदन, राउटरचा मॅक पत्ता असलेला अर्ज आणि वर उल्लेखलेले दोन स्क्रीनशॉट जोडले आहेत. आपला ठरावीक नमुना अर्ज असेल तर पाठवावा, त्याच दिवशी भरून देतो. लातूरच्या आपल्या केंद्रावर सध्या सार्वजनिक पत्ते शिल्लक नसतील तर तेही शुक्रवार, ५ सप्टेंबरपर्यंत स्पष्ट सांगावं, म्हणजे काट्यापुरती दुसरी जोडणी घ्यायची की नाही हे आम्हाला ठरवता येईल.

तांत्रिक प्रश्नांसाठी खात्यावर नोंदवलेल्या मोबाइलवर सकाळी ९ ते संध्याकाळी ७ या वेळेत फोन करावा.

आपला,
सूर्यवंशी
कार्यालय व सुरक्षा यंत्रणा
धान्य गोदाम कार्यालय, एमआयडीसी, लातूर