दुसऱ्या परीक्षकांस आभारपत्र

प्रति,
माननीय परीक्षक क्र. २
(संपादकांमार्फत)

विषय : ‘केळापूर तालुक्यातील विंधन विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड’ या शोधनिबंधावरील आपला अभिप्राय

सादर नमस्कार.

आपण निबंधातला प्रत्येक तक्ता आकडेमोड करून तपासलात, हे अभिप्रायाच्या पहिल्याच पानावरून कळले. त्याबद्दल आम्ही तिघेही लेखक आपले मनापासून आभारी आहोत.

सर्वांत मोलाची ठरली ती तक्ता ३ वरची सूचना. आयन संतुलनातली तफावत ४८ही नमुन्यांत एकाच बाजूला, धनायनांकडे झुकलेली आहे. मोजमापातली सर्वसाधारण चूक अशी एकाच बाजूला जात नाही, असे आपण लिहिलेत. ते तंतोतंत खरे निघाले. अल्कलिनिटीचे आकडे कॅल्शिअम कार्बोनेटच्या रूपात होते आणि १.२२ ने न गुणता तेच बायकार्बोनेटच्या रकान्यात उतरले होते. नमुना १७ मध्ये ४१० च्या जागी ५०० मि.ग्रॅ./लिटर धरल्यावर तफावत ७.६ वरून ०.८ टक्क्यावर आली. आता सर्व नमुने ±५ टक्क्यांच्या आत आहेत. पायपर आकृती नव्याने काढली, तेव्हा ‘मिश्र’ गटातले ९ नमुने सोडियम-बायकार्बोनेट गटात गेले. फ्लोराइड १.५ मि.ग्रॅ./लिटरच्या वर असलेल्या बहुतेक विहिरी याच गटातल्या आहेत. कॅल्शिअम कमी असले की फ्लोराइड पाण्यात टिकून राहते, हा आमचा मुद्दा आधी लंगडा वाटत होता. आपल्या सूचनेमुळे त्याला आधार मिळाला.

इलेक्ट्रोडची कृतीही आता पूर्ण लिहिली आहे : नमुना आणि टीसॅब बफर समप्रमाणात, सामू ५ ते ५.५. त्याखाली फ्लोराइडचा काही भाग हायड्रोजनशी बांधला जातो आणि इलेक्ट्रोडला दिसत नाही. सामू फार वर गेला तर हायड्रॉक्साइडमुळे वाचन फुगते. हे कारण देणे आपण सुचवलेत ते योग्यच. त्याशिवाय दुसऱ्याला प्रयोग नीट करता आला नसता. कॅलिब्रेशनचा उतारही दिला आहे.

नमुने फक्त मे महिन्यातले असल्याने ऋतुमानाविषयीचा परिच्छेद काढून टाकला.

एका सूचनेबाबत मात्र आमचे मत वेगळे आहे. ६.२ मि.ग्रॅ./लिटर हे वाचन वगळावे, असे आपण म्हटले होते. राखून ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीतले पाणी तपासले, ६.१ आले. लोक ते पाणी पितात, म्हणून वाचन ठेवले आहे. त्याने एकूण निष्कर्ष ओढला जाऊ नये यासाठी पिअरसनऐवजी स्पिअरमन सहसंबंध वापरला आहे. हे पटले नाही, तर जरूर कळवावे.

ऋणनिर्देशात ‘अनामिक परीक्षक’ असा आपला उल्लेख केला आहे. आयन संतुलनातली चूक त्यांनी दाखवून दिली, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

आपले नम्र,
तिन्ही लेखक