'ध'चा 'मा' : नारायणरावांच्या खुनाची निवेदन-संहिता

(दृश्य : शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, सकाळचे ऊन. संगीत नाही.)

निवेदक : 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, पेशवे नारायणराव यांचा या वाड्यात गारद्यांनी खून केला. हे निर्विवाद आहे. गारद्यांचा पुढारी सुमेरसिंग होता, त्यांचा पगार थकलेला होता, आणि पेशव्यांचे चुलते रघुनाथराव त्या वेळी याच वाड्यात नजरकैदेत होते, याबद्दलही अभ्यासकांत वाद नाही. यापुढची कथा मात्र आपण जितक्या खात्रीने सांगत आलो आहोत, तितकी खात्री पुरावे देत नाहीत.

(दृश्य : कोऱ्या कागदावर बोरूने 'धरावे' उमटते, 'ध' पुसून 'मा' लिहिला जातो. पडद्यावर पाटी : 'हे काल्पनिक चित्रण आहे. मूळ पत्र नव्हे.')

रघुनाथरावांनी 'नारायणरावांस धरावे' असा हुकूम दिला आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यात 'मारावे' असा फेरफार केला, असे सांगितले जाते. रामशास्त्री प्रभुणे यांच्या चौकशीत अक्षरबदल उघडकीस आला, ही हकिकत 1826 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात येते. पण तोही आनंदीबाईंचे नाव लोकांच्या समजुतीचा हवाला देऊनच घेतो, आणि तेव्हा घटनेला 53 वर्षे उलटून गेली होती. ज्या कागदावर हा सारा आरोप उभा आहे, तो आज अभ्यासकांपुढे नाही. शिवाय त्या काळचा दरबारी पत्रव्यवहार मोडीत चालत असल्यामुळे, देवनागरीतील 'ध' आणि 'म' शेजारी ठेवून 'किती सोपा बदल' असे म्हणणे योग्य ठरणार नाही.

मग फेरफार झालाच नाही का? तसेही ठामपणे म्हणता येत नाही. रघुनाथरावांना फक्त कैद हवी होती आणि थकलेल्या पगाराने चिडलेले गारदी हाताबाहेर गेले, असे एक मत आहे. खुनाची त्यांना पूर्वकल्पना होती, असे दुसरे मत. पेशवेपद त्यांनाच मिळाले आणि रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी धरले, या दोन गोष्टी त्या मताच्या बाजूने जातात. आमच्या मते रघुनाथरावांवरचा संशय बळकट आहे, तर आनंदीबाईंवरचा आरोप त्या मानाने फारच दुबळ्या आधारावर उभा आहे. तरीही मराठीत 'ध'चा 'मा' म्हटले की नाव आठवते ते त्यांचेच.

'काका, मला वाचवा' ही हाकही आपण आख्यायिका म्हणूनच ऐकवत आहोत. तिच्यावर पार्श्वसंगीत चढवायचे नाही, असे आम्ही ठरवले.

(दृश्य : पुसट होत जाणारा 'धरावे'. पाटी : 'पुढील भाग : बारभाईंचे कारस्थान.')