ऑटोमेशन इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज

नमस्कार सर/मॅडम,

मी सायली, रत्नागिरीची. सध्या मॅन्युअल टेस्टर आहे, तुमच्याकडच्या ऑटोमेशन इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करतेय.

सगळं सांगत बसत नाही, एकच प्रोजेक्ट सांगते. गुहागर-दापोलीकडच्या होमस्टेंची बुकिंग साइट टेस्ट करत होते. आपल्याकडे घाटीत शिरलं की रेंज जाते, त्यामुळे पैसे कटतात पण पेज लोडिंगवरच अडकतं, मग माणूस परत पे दाबतो आणि एकाच खोलीची दोन बुकिंगं पडतात. हे मी आधी मोबाईलचा डेटा नेमक्या सेकंदाला बंद करून हाताने पकडायचे, पण प्रत्येक रिलीजला तेच करायचं म्हणजे वैताग, आणि तो नेमका सेकंद दरवेळी साधेलच असंही नाही. म्हणून पायथन आणि प्लेराइट शिकून तो फ्लो ऑटोमेट केला. पेमेंट दाबल्यावर ही ओळ:

```python
context.set_offline(True)
```

मग नेट परत चालू, पुन्हा पे, आणि स्क्रीनवर न विसंबता थेट एपीआयला विचारायचं की बुकिंग एकच आहे ना. जागोजागी स्लीप टाकणं मला पटत नाही, टेस्ट कधी पास कधी फेल होते आणि मग टीम तिच्याकडे बघणंच सोडते, म्हणून सगळीकडे `expect` वापरलंय. आता प्रत्येक मर्जला ती गिटहब ॲक्शन्सवर आपोआप चालते.

परफॉर्मन्स टेस्टिंग अजून केलेलं नाही, फ्रेमवर्कही पायथनमधलीच येतात. पण युजर कुठे गडबड करणार हे मला लवकर दिसतं, मॅन्युअलचा तेवढा फायदा आहेच. कोड स्क्रीन शेअर करून दाखवू शकते, संध्याकाळी सहानंतर कधीही कॉल चालेल.

आपली,
सायली