दोरी

लालबागच्या त्या चाळीत पोलीस दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा सुमनताईंचं एकच उत्तर, "मी पोळ्या करत होते. काही दिसलं नाही."

आज उपनिरीक्षक बाई एकट्याच आल्या. चपला दाराबाहेर काढून पाटावर बसल्या. "बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवत नाहीत, म्हणून मीच जिने चढतेय," त्या म्हणाल्या. "कंत्राटदार म्हणतो, कमरेला बांधायचा पट्टा दिला होता, पडलेल्या पोराने लावला नाही. तुमची गॅलरी बरोबर समोर."

सुमनताई परातीतलं पीठ मळत राहिल्या. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर. चाळ पाडून टॉवर होणार, पात्र भाडेकरूंची यादी सेक्रेटरीच्या हातात, आणि कंत्राटदार सेक्रेटरीचा मेहुणा. सकाळीच सेक्रेटरी दारातून सांगून गेला होता, "वहिनी, तुमच्या नावाचं बघतोय हां मी."

त्यामुळेच सुमनताई गप्प आहेत, असं सगळी चाळ धरून चालली होती. धरू दे.

"पट्टा नव्हता," त्या एकदम म्हणाल्या. "पोरगा पडला, त्याला टॅक्सीत घातला, त्यानंतर पट्टे आले. पिशवीतून. नवेकोरे, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं."

बाईंनी लॅपटॉप उघडला. "आधी नव्हता, हे कशावरून सांगता?"

पीठ मळून कधीच झालं होतं. सुमनताईंनी हात धुतले. पदराला पुसले. मग पुन्हा धुतले.

"माझ्याकडे आला होता तो. दहाच्या सुमाराला. कौलांवर ताडपत्री बांधायची होती, पाऊस तोंडावर. म्हणाला, मावशी, कमरेला बांधायला दोरी आहे का? ही काय, वाळत घालायची. नायलॉनची." त्यांनी गॅलरीकडे बोट केलं. दोरीवर आजही चादरी होत्या. "मी म्हटलं, आत्ताच धुणं घातलंय रे, नंतर ये."

बराच वेळ फक्त बटणांचा आवाज येत होता. मग बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. खाली पडेपर्यंत मजुराच्या कमरेला पट्टा नव्हता. सकाळी दहाच्या सुमारास त्याने माझ्याकडे कमरेला बांधण्यासाठी दोरी मागितली होती. अपघातानंतर कंत्राटदाराच्या माणसाने नवे पट्टे आणले, ते मी पाहिले.

"बरोबर आहे?"

"सही कुठे करू?"

"या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, ताई. कोर्टात बोलावतील तेव्हा हेच सांगायचं."

"एक राहिलंय त्यात."

"काय?"

"दोरी मागितली एवढंच लिहिलंत. मी दिली नाही, ते नाही लिहिलं."

"त्याची गरज नाही. तुमच्यावर काही येत नाही त्यात."

"येऊ दे नाहीतर नको येऊ दे," सुमनताई म्हणाल्या. "लिहा."