ग्राहक सहाय्य प्रतिनिधी (मराठी) या पदासाठी अर्ज

आर्णी, जि. यवतमाळ
4 ऑगस्ट 2025

प्रति,
भरती विभाग

विषय: ग्राहक सहाय्य प्रतिनिधी (मराठी), घरून काम

माननीय महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

"म्या तर पैसे देल्ले, त्याले भेटले नाई, मंग गेले कुठं?" एका सहकारी बँकेच्या तालुका शाखेत मी जून 2014 ते मार्च 2025 रोखपाल होते आणि शेवटची पाच-सहा वर्षे या प्रश्नाने माझा निम्मा दिवस खाल्ला. विचारणाऱ्याच्या हातात मोबाइल असायचा, पण उत्तर तो काचेपलीकडच्या माणसाकडेच मागायचा. तुमच्या जाहिरातीत अडकलेल्या व्यवहारांबद्दल मराठीतून बोलणारी व्यक्ती हवी असे वाचले. ते काम मी काउंटरवर करतच होते, फक्त त्याला हे नाव नव्हते.

एक प्रसंग सांगते. पेरणीचे दिवस होते. एका शेतकऱ्याने कृषी केंद्रात खतासाठी यूपीआयने 4,800 रुपये पाठवले. त्याच्या मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा मेसेज आला, पण दुकानदाराची पेटी बोलली नाही. पेटी बोलल्याशिवाय दुकानदार पोते उचलू देईना. ॲपवर नुसते ‘Pending’. त्याने पुन्हा 4,800 पाठवले. ते पोचले, खत मिळाले आणि खात्यातून 9,600 गेले. मग पावसात भिजत तो आमच्याकडे आला. चूक त्याची म्हणावी का? त्या एका इंग्रजी शब्दाने त्याला थांब असेही सांगितले नव्हते आणि पुन्हा पाठव असेही नाही.

मी खात्याच्या उताऱ्यात पहिल्या व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक शोधला, पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिला आणि खाली तारीख टाकली. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला न पोचलेले यूपीआयचे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हे त्याला सांगितले आणि म्हणाले, "काका, या तारखेपर्यंत नाही आले तर हीच चिठ्ठी घेऊन या." पैसे तिसऱ्या दिवशी आले. तरी तो ठरलेल्या तारखेला आलाच, चिठ्ठी परत द्यायला.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना तीनच गोष्टी सांगू लागले: पैसे आत्ता कुठे आहेत, कधीपर्यंत कळेल, आणि तोवर काय करायचे नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण घाबरलेला माणूस काहीतरी करतोच. पुन्हा पैसे पाठवतो, किंवा नेटवर सापडलेल्या कुठल्याही ‘हेल्पलाइन’ला फोन लावतो आणि मग खरे नुकसान होते. तुमच्या ॲपमध्ये ‘Pending’च्या जागी "तुमचे ₹4,800 दुकानदाराला पोचले की नाही हे अजून ठरायचे आहे. पुन्हा पाठवू नका. अमुक तारखेपर्यंत पोचतील किंवा परत येतील" एवढे मराठीत आले, तर माझ्याकडे येणारे फोन कमी होतील. मला पगार फोन घेण्याचा मिळणार असला तरी हे सुचवल्यावाचून राहवत नाही.

दुसरा अनुभव आधारचा. ऑगस्ट 2024 पासून लाडक्या बहिणीचे पैसे यायला लागले तशी शाखेत बायकांची रांग लागली. फॉर्मवर आमच्या बँकेचे खाते, आमच्याकडे आधारची झेरॉक्सही दिलेली, आणि पैसे मात्र नाहीत. बऱ्याच जणींच्या बाबतीत ते कधीकाळी शिबिरात उघडलेल्या, त्या स्वतःही विसरलेल्या खात्यात गेले होते. खात्याला आधार दिलेला असणे वेगळे आणि सरकारी पैशांसाठी एनपीसीआयकडे आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे हे वेगळे. हा फरक समजावताना सुरुवातीला माझीच जीभ वळत नसे. शेवटी मी म्हणू लागले, "बाई, घरं दोन असली तरी टपाल एकाच पत्त्यावर येते. तुमचा पत्ता जुन्या घराचा आहे." मग myAadhaar च्या साइटवर ‘Bank Seeding Status’ उघडून बँकेचे नाव दाखवले की पटायचे. योजनेचे पैसे आले नाहीत अशी तक्रार तुमच्याकडे आली, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. खाते क्रमांक, शाखा, फॉर्मची तारीख हे सगळे नंतर.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हे मी काचेवर हाताने लिहून चिकटवले होते. तरी लोक फसत. तेव्हा "तुम्ही पिन टाकलाच कशाला?" म्हणण्यात वेळ घालवायचा नाही, आधी 1930 लावायचा आणि खाते थांबवायचे.

रोखपालाची एक सवय मी सोबत आणते आहे. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही, किल्ल्या दोघांकडे असतात आणि रुपया कमी भरला तर तो आपल्या खिशातून जातो. माझे एकदा 500 गेले. पाचशेच्या गड्डीत दोन नोटा चिकटल्या होत्या आणि त्या मी एक म्हणून मोजून दिल्या. तेव्हापासून दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय हातातून काही सुटत नाही. तक्रारीचेही तसेच. ग्राहकाच्या खात्यात पैसे दिसेपर्यंत ती माझ्या लेखी उघडीच.

न येणाऱ्या गोष्टीही सांगते. तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर मी काम केलेले नाही. बँकेची कोअर बँकिंग प्रणाली मात्र अकरा वर्षांच्या सरावाची आहे, त्यामुळे नव्या पडद्याची भीती वाटत नाही. इंग्रजी वाचून पूर्ण समजते, बोलताना अडखळते. मराठी टायपिंग चांगले आहे. हिंदी येते, आणि आसपासच्या तांड्यांवरचे ग्राहक असल्याने गोरमाटी समजते, कामापुरती बोलताही येते. वऱ्हाडीचे तर काय सांगावे, घरचीच आहे.

बँक मी स्वतः सोडली. बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली होती, मुलगी नववीत आहे आणि सासूबाईंना एकटे ठेवण्यासारखी स्थिती नाही. कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला सोबत जोडला आहे.

आमच्याकडे वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर घेतला आहे. ब्रॉडबँड आहे, आणि ते बंद पडलेच तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आहेत. बाजाराच्या दिवशी आणि कापसाचे चुकारे सुरू असताना तुमच्याकडे गावाकडचे फोन वाढत असतील असा माझा अंदाज आहे. त्या दिवसांत जादा वेळ बसायची तयारी आहे, रविवारीसुद्धा. मुलाखतीसाठी दुपारी दोननंतर कधीही फोन करावा, नंबर सोबतच्या माहितीपत्रकावर आहे. निवड झाल्यास 1 सप्टेंबरपासून रुजू होऊ शकते.

आपली विश्वासू,
अर्चना राऊत

सोबत: माहितीपत्रक, अनुभवाचा दाखला, कार्यमुक्ती पत्र, बी.कॉम.ची गुणपत्रिका