दुपारच्या झोपेचे नियम : तुमच्यासाठी

काका, तुमची झोपेची वही नीट वाचली. दुपारी सव्वातीनला आडवे होता, पाचला उठता. रात्री दहाला दिवा मालवता आणि एक वाजेपर्यंत कूस बदलत राहता. सकाळी सहाला जाग. म्हणजे रात्रीची पाच तास आणि दुपारची पावणेदोन तास, मिळून पावणेसात तास झोप होते. तुम्हाला निद्रानाश झालाय असं वाटतं, पण तुमच्या वयाला ही झोप फार कमी नाही. ती दोन ठिकाणी वाटली गेली आहे, म्हणून रात्र रिकामी जाते.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते, भूक वाढावी तशी. झोपलं की ते उतरतं. पाचला उठून दहाला झोपायला गेलात तर ओढ साठायला पाचच तास मिळतात. डोळा लागणार कसा?

पहिले दोन आठवडे दुपारी अजिबात झोपायचं नाही. जड जाईल, विशेषतः दुपारी एक ते तीन. त्या वेळी शरीराच्या घड्याळातच सुस्ती असते, जेवला नसलात तरी येते. उठून चाला, उजेडात बसा. फक्त गाडी चालवायची असेल आणि झापड येत असेल तर हा नियम मोडा: गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटं झोपा आणि पूर्ण जागं झाल्यावरच निघा.

रात्री अर्ध्या तासाच्या आत झोप लागू लागली की डुलकी परत सुरू करू.

वेळ एक ते अडीचच्या मधली. तीननंतर आडवं व्हायचं नाही, कितीही पेंग आली तरी. डुलकी आणि रात्रीची झोप यांत किमान सात-आठ तास हवेत.

अवधी वीस मिनिटं. झोप लागायला थोडा वेळ जातो, म्हणून गजर पंचवीस मिनिटांचा लावा आणि तो वाजला की पाय जमिनीवर टेका. गजर पुढे ढकलायचा नाही. साधारण अर्धा तास उलटला की अनेकांना गाढ झोप लागते. त्यातून उठलं की डोकं जड, तोंड कोरडं, चिडचिड. तुम्ही वहीत ‘उठल्यावर जास्तच थकवा’ असं लिहिलंय, तो हाच. झोप कमी पडली म्हणून नव्हे, तर चुकीच्या टप्प्यावर मोडली म्हणून. वीस मिनिटांनी काय होणार असं मनात येईल. ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात त्यांना सरासरी 26 मिनिटंच झोप मिळाली होती, आणि तेवढ्यानेही सतर्कता स्पष्टपणे सुधारली.

दीड तासाची लांब झोप म्हणजे झोपेचं साधारण एक पूर्ण चक्र. आजारपण किंवा रात्रभराचं जागरण असेल तेव्हाच, तीही लवकर दुपारी.

शक्यतो पलंगावर नको, आरामखुर्ची बरी. पडदे पूर्ण ओढू नका, पांघरूण घेऊ नका.

आता मला सर्वांत खटकलेली नोंद. आठवड्यातले बरेच दिवस तुम्ही लिहिलंय, ‘आठला टीव्हीसमोर डोळा लागला, दहा मिनिटं.’ याला तुम्ही झोप मानतच नाही. पण दिवसभर साठलेली ओढ नेमकी झोपायच्या तोंडावर या दहा मिनिटांत उतरते. एक वेळ दुपारची वीस मिनिटं चालतील, ही दहा नकोत. त्या वेळी उभ्याने करायचं काहीतरी काम हाती घ्या. संध्याकाळचा चहा-कॉफीही बंद, कारण त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही जवळपास निम्मं शरीरात असतं.

डुलकी सोसते की नाही हे वहीच सांगेल. ज्या दिवशी डुलकी घेतली त्या रात्री झोप लागायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला आणि असं आठवड्यात दोनतीनदा झालं, तर डुलकी बंद.

हे नियम घरात सगळ्यांना लावू नका. तुमच्या मुलाची रात्रपाळी असते. कामावर जाण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपणं त्याच्यासाठी योग्यच आहे. दोन वर्षांच्या नातीला तर दुपारची झोप हवीच.

एक गोष्ट मात्र नियमांनी सुटणारी नाही. वहीच्या समासात काकूंनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘घोरणं मधेच थांबतं, मग दचकून श्वास घेतात.’ झोपेत श्वास अडत असेल तर रात्रीची झोप सतत तुटते आणि दिवसा पेंग येते. अशा वेळी नुसती डुलकी बंद करून भागत नाही. त्यामुळे दोन आठवडे थांबू नका. याच आठवड्यात काकूंना घेऊन या, झोपेची तपासणी ठरवू. तोवर लांबची गाडी चालवू नका आणि झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका.