निकाल-टिपणाचा आराखडा: बोस्निया विरुद्ध सर्बिया (२००७)

सेमिनार: आंतरराष्ट्रीय कायद्यातील राज्याची जबाबदारी
निकाल: आंतरराष्ट्रीय न्यायालय, २६ फेब्रुवारी २००७, वंशसंहार प्रतिबंध करार, १९४८ च्या अंमलबजावणीविषयी
पेपरची मर्यादा: ४,५०० शब्द

मूळ म्हणणे (सुमारे १५० शब्द, पेपरच्या पहिल्याच परिच्छेदात)

दुसऱ्यांच्या हातून घडलेले कृत्य राज्याच्या खाती जमा करण्यासाठी न्यायालयाने या निकालात फार कठोर कसोटी लावली. पण वंशसंहार रोखण्याच्या कर्तव्याचा अर्थ मात्र त्याच निकालात उदारपणे लावला आणि त्या कर्तव्याच्या भंगासाठी सर्बियाला जबाबदार धरले. माझा आक्षेप यापैकी कशावरही नाही. भरपाईचा प्रश्न आल्यावर न्यायालयाने पुन्हा जवळजवळ पहिल्याच भागातली निश्चितता मागितली. त्यामुळे कर्तव्य मोडल्याचे ठरूनही देणे शून्य राहिले. पेपरचा प्रत्येक भाग या एका मुद्द्याकडे न्यायचा आहे. जो भाग तिकडे जात नाही तो तळटिपेत जाईल.

१. तथ्ये (४५० शब्द, त्याहून जास्त नाहीत)

पहिल्या मसुद्यात तथ्यांनी १,२०० शब्द खाल्ले होते. युगोस्लाव्हियाच्या विघटनाचा इतिहास एकदा हातात घेतला की सोडवत नाही. पण टिपणाला निकालाला आधार देणारी तथ्येच हवीत. म्हणून चारच गोष्टी ठेवल्या आहेत.

एक, सुरक्षा परिषदेने एप्रिल १९९३ मध्ये ठराव ८१९ ने स्रेब्रेनिका सुरक्षित क्षेत्र जाहीर केले होते. दोन, जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्बांच्या सैन्याने ते ताब्यात घेतले आणि सात हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे मारले. तीन, या सैन्याला पैसा आणि शस्त्रे सर्बियाची राजधानी बेलग्रेडकडून मिळत होती. चार, न्यायालयाने फक्त स्रेब्रेनिकातील हत्यांना वंशसंहार ठरवले. बोस्नियातील इतर ठिकाणच्या अत्याचारांमध्ये गट नष्ट करण्याचा विशिष्ट हेतू सिद्ध झाला नाही, असे म्हटले.

तिसऱ्या गोष्टीत एक तपशील आवर्जून घ्यायचा आहे. बोस्नियन सर्ब सैन्यातल्या अनेक अधिकाऱ्यांच्या पगाराचा आणि नोकरीचा कारभार बेलग्रेडमधल्या ‘तिसावे कार्मिक केंद्र’ नावाच्या कार्यालयातून चाले. पगार एका देशातून, हुकूम दुसरीकडून. नियंत्रण म्हणजे नेमके काय, हा निकालातला सगळा वाद या एका कार्यालयात दिसतो. वाचकाला तो इथे दिसला तर पुढे कसोटी समजावून सांगायला शब्द कमी लागतील.

२. प्रक्रियेचा प्रवास (२५० शब्द)

अर्ज २० मार्च १९९३ ला, प्राथमिक आक्षेपांवरील निकाल ११ जुलै १९९६ ला, अंतिम निकाल २००७ मध्ये. मधल्या काळात न्यायालयानेच डिसेंबर २००४ मध्ये, दुसऱ्या प्रकरणात, सर्बिया आणि माँटेनेग्रो १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नव्हते असे म्हटले होते. त्यामुळे अधिकारक्षेत्राचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. न्यायालयाने १९९६ चा निकाल अंतिम आहे, या तत्त्वावर तो मिटवला. या वादाने मी मोहात पडले होते, पण तो वेगळ्या पेपरचा विषय आहे. इथे चार वाक्ये आणि एक तळटीप. माँटेनेग्रो २००६ मध्ये स्वतंत्र झाल्याने प्रतिवादी म्हणून सर्बिया एकटाच उरला, एवढे मात्र मजकुरात हवे. ते नसेल तर नावे बदललेली पाहून वाचक गोंधळेल.

३. प्रश्न (१५० शब्द)

प्रश्न न्यायालयाच्या क्रमाने मांडायचे, कारण उत्तरे त्याच क्रमाने एकमेकांवर उभी आहेत. राज्य स्वतः वंशसंहार न करण्यास या कराराने बांधलेले आहे का? असल्यास, स्रेब्रेनिकातील कृत्ये सर्बियाच्या खाती जमा होतात का? नसल्यास, सर्बियाने त्यांना साहाय्य केले का? तेही नसल्यास, ती रोखण्यात आणि दोषींना शिक्षा देण्यात सर्बिया कमी पडला का? आणि कमी पडला असेल तर देणे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. करार राज्यांना रोखण्याचे आणि शिक्षा देण्याचे कर्तव्य देतो, तेव्हा स्वतः न करण्याचे कर्तव्य त्यात गृहीतच आहे, असे न्यायालयाने परिच्छेद १६६ मध्ये म्हटले. हे एका वाक्यात सांगून पुढे जायचे.

४. तर्क, पहिला टप्पा: कृत्य कोणाच्या खाती (१,१०० शब्द)

हा पेपरचा कणा आहे. न्यायालयाने दोन दारे तपासली.

पहिले दार अंगाचे, म्हणजे राज्याच्या अधिकृत यंत्रणेचे. कायद्याने हे सैन्य सर्बियाचे अंग नव्हते. मग प्रत्यक्षात होते का? याच न्यायालयाच्या १९८६ च्या निकाराग्वा निकालातून आलेली कसोटी ‘संपूर्ण अवलंबित्वा’ची आहे. गट इतका अवलंबून हवा की तो राज्याचे केवळ साधन ठरावा. परिच्छेद ३९४ मध्ये न्यायालयाने बोस्नियन सर्ब नेतृत्व आणि बेलग्रेड यांच्यातल्या मतभेदांकडे बोट दाखवून म्हटले की या नेतृत्वाला मर्यादित का होईना, पण खरी स्वायत्तता होती. दार बंद.

दुसरे दार सूचनांचे आणि नियंत्रणाचे. इथे आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाच्या २००१ च्या मसुद्यातले कलम ८ येते. कसोटी प्रभावी नियंत्रणाची, आणि तीही गटावरच्या सर्वसाधारण नियंत्रणाची नव्हे, तर उल्लंघन ज्यात घडले त्या प्रत्येक कारवाईवरच्या नियंत्रणाची. यावर बोस्नियाने पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठीच्या फौजदारी न्यायाधिकरणाचा १९९९ चा टाडिच निकाल पुढे केला. त्यात ‘एकंदर नियंत्रण’ पुरेसे मानले होते. न्यायालयाने ती कसोटी इथे नाकारली. न्यायाधिकरणापुढचा प्रश्न व्यक्तीच्या गुन्ह्याचा होता, राज्याच्या जबाबदारीचा नव्हता. शिवाय एकंदर नियंत्रणाने राज्य आणि कृत्य यांतला धागा जवळजवळ तुटेपर्यंत ताणला जातो, असे परिच्छेद ४०६ चे म्हणणे.

या ठिकाणी टिपणे बहुधा ‘निकाराग्वा विरुद्ध टाडिच’ असा सामना लावतात आणि एक बाजू घेतात. मी तो सामना लावणार नाही. माझ्या मते दोन्ही कसोट्या आपापल्या प्रश्नासाठी रास्त आहेत. टाडिचप्रमाणे संघर्ष आंतरराष्ट्रीय आहे की अंतर्गत हे ठरवणे वेगळे आणि सात हजार हत्या एखाद्या राज्याने केल्या असे म्हणणे वेगळे. शब्द जेवढा जड, पुरावा तेवढा जड हवा.

पण पुराव्याचा एक भाग इथे नीट मांडायचा आहे, कारण त्याशिवाय कसोटीची कठोरता कळत नाही. सर्बियाच्या सर्वोच्च संरक्षण परिषदेच्या कागदपत्रांतला काही मजकूर झाकलेला होता. तो उघडा करण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही. उपाध्यक्ष अल-खसावनेह यांनी आपल्या भिन्नमतात यावर थेट हरकत घेतली. कसोटी कारवाईगणिक नियंत्रण सिद्ध करायला सांगते आणि ते नियंत्रण दाखवू शकणारे कागद प्रतिवादीकडे असतात. हे दोन्ही एकत्र आले की कायद्यातली कसोटी व्यवहारात जवळजवळ अशक्य होते. भिन्नमतातला हा मुद्दा मला बहुमताच्या तर्कापेक्षा जास्त पटतो, आणि पेपरमध्ये ते स्पष्ट लिहायचे आहे.

५. तर्क, दुसरा टप्पा: साहाय्य आणि प्रतिबंध (७५० शब्द)

साहाय्याच्या मुद्द्यावर सर्बिया ११ विरुद्ध ४ मतांनी सुटला. पैसा आणि शस्त्रे पोहोचली हे मान्य, पण ती देताना वंशसंहाराचा हेतू बेलग्रेडला ठाऊक होता हे निःसंशय सिद्ध झाले नाही. चार मतांचा आकडा नमूद करायचा. ‘सर्बियाने वंशसंहार केला नाही’ या मुद्द्यावर विरोधात दोनच होते. म्हणजे जे न्यायाधीश नियंत्रणाच्या कसोटीवर बहुमताबरोबर होते, त्यांच्यातलेही दोघे साहाय्यावर वेगळे झाले. न्यायाधीश कीथ त्यांपैकी एक.

मग प्रतिबंध. परिच्छेद ४३० आणि ४३१ शब्दशः वाचायचे. कर्तव्य वर्तनाचे आहे, निष्पत्तीचे नाही. राज्याने हाती असलेली सगळी वाजवी साधने वापरायला हवीत आणि किती, ते त्याच्या प्रभाव पाडण्याच्या क्षमतेवर ठरते. कर्तव्य सुरू होते ते गंभीर धोका कळल्यापासून किंवा कळायला हवा होता तेव्हापासून. साहाय्यासाठी पूर्ण जाणीव लागते, इथे धोक्याची जाणीव पुरते. हा फरक परिच्छेद ४३२ मध्ये आहे आणि निकालातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. बेलग्रेडने काहीही केले नाही. १२ विरुद्ध ३ मतांनी भंग.

शिक्षेच्या कर्तव्याला एकच परिच्छेद: बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख म्लादिच याला न्यायाधिकरणाच्या स्वाधीन केले नाही म्हणून १४ विरुद्ध १.

६. देणे: टीकेचा भाग (१,२०० शब्द)

परिच्छेद ४६२. सर्बियाने कर्तव्य पाळले असते तर वंशसंहार टळलाच असता, असे पुरेशा निश्चिततेने दाखवता आले नाही. म्हणून कार्यकारणसंबंध नाही आणि नुकसानभरपाई नाही. भंग झाल्याची घोषणा हेच पुरेसे समाधान.

आक्षेप असा: पाचव्या भागात सांगितले की काय केल्याने यश आले असते हे विचारायचे नाही, प्रयत्न केला का एवढेच विचारायचे. भरपाईच्या वेळी नेमका तोच बाजूला ठेवलेला प्रश्न परत आणला. जबाबदारी ठरवताना निष्पत्ती बाजूला आणि भरपाई ठरवताना निष्पत्तीच सर्वस्व.

तुलनेसाठी कोर्फू चॅनेल, १९४९, ब्रिटिश जहाजे अल्बानियाच्या पाण्यात सुरुंगांवर आदळल्याचा खटला. अल्बानियाने सुरुंग पेरल्याचे सिद्ध झाले नव्हते. त्याच्या नकळत सुरुंग पेरले जाणे शक्य नव्हते आणि त्याने इशारा दिला नाही, एवढ्यावर जबाबदारी ठरली. ब्रिटनला ८,४३,९४७ पौंड मंजूर झाले. फरक प्रामाणिकपणे सांगायचा: तिथे पाणी अल्बानियाचे होते आणि इशाऱ्याने जहाजे थांबली असती हे उघड होते. तरीही न केलेल्या कृतीसाठी भरपाई मिळू शकते, हे या न्यायालयाला पहिल्याच खटल्यापासून ठाऊक होते.

दुसरी तुलना काँगो विरुद्ध युगांडा, भरपाईचा निकाल, ९ फेब्रुवारी २०२२. युगांडाच्या ताब्यातल्या इतुरी प्रदेशातल्या हानीबाबत, आपल्या कसुरीमुळे ती झाली नाही हे दाखवण्याचे ओझे न्यायालयाने युगांडावर टाकले. एकूण ३२.५ कोटी डॉलर. ताबा असलेले राज्य आणि केवळ प्रभाव असलेले राज्य यांत अंतर आहे आणि न्यायालय त्याच अंतराचा आधार घेईल. माझा प्रस्ताव त्यामुळे मर्यादित आहे: प्रभाव जितका मोठा, तितके ओझे प्रतिवादीकडे सरकावे. स्रेब्रेनिकाच्या बाबतीत पूर्ण भरपाई नव्हे, पण गमावलेल्या संधीइतके तरी देणे निघावे.

७. सेमिनारमध्ये मांडण्यासाठी प्रश्न

प्रतिबंधाचा भंग वर्तनाचा असेल, तर त्याची भरपाई कशाची मोजायची: झालेल्या हानीची, की न केलेल्या प्रयत्नाची?

समोरून येऊ शकणारे उत्तर असे: कर्तव्याचा अर्थ इतका व्यापक लावला म्हणूनच न्यायालयाने देणे आखडते घेतले. दोन्ही व्यापक केली असती तर राज्ये न्यायालयाला अधिकार देणाऱ्या कराराच्या कलम ९ वर आरक्षण ठेवून न्यायालयाचे दार बंद करू लागली असती. यावर माझे उत्तर अजून कच्चे आहे. सादरीकरणाआधी सहाव्या भागाच्या शेवटी दोनशे शब्द यासाठी मोकळे ठेवले आहेत.